गच्चीवरचं सोलर: कोटेशनमधली बचत बिलापेक्षा मोठी कशी?

पत्र: आमची कोल्हापुरात रुईकर कॉलनीत ३२ फ्लॅटची सोसायटी आहे. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे एका सामाईक मीटरवर चालतात. महिन्याला साधारण १,५०० युनिट जळतात. एका एजन्सीनं १५ किलोवॉटचं कोटेशन दिलंय: खर्च ८ लाख ७० हजार, सबसिडी २ लाख ७० हजार, वर्षाला २४,६०० युनिट, १७ रुपये दरानं वर्षाची बचत ४ लाख १८ हजार आणि २५ वर्षांत १ कोटीच्या वर. आमचे एक ज्येष्ठ सभासद मात्र म्हणतात की पॅनेल दरवर्षी उतरत जातात आणि दहा वर्षांत भंगारात जातात. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. कुणाचं ऐकायचं? – सचिव

उत्तर: नमस्कार. सभेआधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि स्थिर आकार सोडून उरलेल्या रकमांची बेरीज करा. महिना १,५०० युनिटांवर ती ३ लाख ८ हजारांच्या आसपास येईल. एजन्सी ४ लाख १८ हजार वाचवून देणार म्हणते. मुळात जेवढं बिल येतच नाही तेवढी बचत होणार कशी? पॅनेल किती उतरतात हा प्रश्न नंतरचा. आधी हा फरक कुठून आला ते पाहू.

एजन्सीनं तुमचं बिल युनिटांनी भागून १७ रुपये हा दर काढला आणि सोलरच्या प्रत्येक युनिटाला तोच लावला. सोसायटीच्या लिफ्ट-पंपांची जोडणी महावितरणच्या घरगुती दरात येते आणि तिथे आकारणी टप्प्यांनी होते: पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यावरचे. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत राहतात, म्हणून मी वहन आकार आणि १६ टक्के विद्युत शुल्क धरून गोल आकडे घेतो: अनुक्रमे ७, १३, १७ आणि १९ रुपये. तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे दर घाला. या दरांनी १,५०० युनिटांचे महिन्याला २५,७०० रुपये होतात, म्हणजे सरासरी १७ रुपयेच. आकडा बरोबर आहे, पण तो चुकीच्या जागी वापरलाय.

नेट मीटर लागला की वापरातून सोलरचे युनिट वजा होतात आणि उरलेल्या युनिटांना पहिल्या टप्प्यापासून दर लागतो. म्हणजे सोलर आधी वरचा, १९ रुपयांचा टप्पा खातं. तो संपला की १७ चा, मग १३ चा, आणि शेवटी ७ चा. त्यामुळे पहिल्या काही किलोवॉटचा एकेक युनिट १७ पेक्षा जास्त वाचवतो आणि शेवटच्या किलोवॉटचा बराच कमी. एखाद्या महिन्यात वापरापेक्षा वीज जास्त झाली, तर उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होत जातात. पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि शिल्लक युनिट महावितरण ठरलेल्या कमी दरानं विकत घेते. तो दर मी ३ रुपये धरतो.

दुसरी चूक उत्पादनाची. रोज किलोवॉटला साडेचार युनिट, वर्षाचे ३६५ दिवस, हा हिशेब कोल्हापूरच्या पावसाला धरून नाही. इथे नीट बसवलेल्या, सावली नसलेल्या यंत्रणेकडून वर्षाला किलोवॉटमागे १,३५० ते १,४५० युनिट धरावेत. मी १,३८० घेतो. हे युनिट बारा महिन्यांत सारखे वाटलेले नसतात. १२ किलोवॉटची यंत्रणा मार्चमध्ये १,७०० च्या आसपास युनिट देईल, तर जुलैत ९०० वर येईल. मे महिन्यात ऊन कडक असूनही मार्चपेक्षा थोडे कमीच मिळतात, कारण पॅनेल तापलं की त्याची ताकद घटते. २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के. हे उतरणं नव्हे, थंडी आली की ते परत मिळतं.

आता १०, १२ आणि १५ किलोवॉट ही तिन्ही मापं शेजारी ठेवू. खर्च तुमच्या कोटेशनच्याच दरानं धरतो, किलोवॉटला ५८ हजार. सबसिडीही तीच, किलोवॉटला १८ हजार. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी हाच दर आहे, फक्त पॅनेल देशात बनवलेल्या सेलचे लागतात.

१० किलोवॉट घेतलंत तर सबसिडी वजा जाता ४ लाख रुपये लागतील. वर्षाला १३,८०० युनिट होतील आणि पहिल्या वर्षी सुमारे २ लाख ५५ हजार वाचतील. म्हणजे एका युनिटाला साडेअठरा रुपये, एजन्सीच्या आकड्यापेक्षाही जास्त. १२ किलोवॉटला ४ लाख ८० हजार लागतील आणि बचत २ लाख ८८ हजार. वरच्या दोन किलोवॉटसाठी ८० हजार जास्त घालून वर्षाला ३३ हजार मिळाले, अडीच वर्षांत वसूल. १५ किलोवॉटला ६ लाख लागतात आणि बचत ३ लाख १६ हजारांवर थांबते. शेवटच्या तीन किलोवॉटनी १ लाख २० हजार घेतले आणि वर्षाला जेमतेम २८ हजार दिले. वसुलीला चार वर्षांहून जास्त. ते तोट्यात नाहीत, पण बाकीच्यांच्या मानानं आळशी आहेत. वर्षाअखेर २,७०० युनिट ३ रुपयांनी विकावे लागतात, तिथे पैसा अडकतो.

तेव्हा आजच्या वापरावर माझं मत १२ किलोवॉटला. १५ चा विचार एकाच कारणासाठी करावा: येत्या दोन-तीन वर्षांत पार्किंगमध्ये गाड्यांचं चार्जिंग सामाईक मीटरवर येणार असेल किंवा तिसरी लिफ्ट होणार असेल, तर. तो वापर दिवसा आणि नक्की असावा, 'होईल कधीतरी' असा नको.

इथे एक गोष्ट तपासायला विसरू नका. नेट मीटरवर सोलरची क्षमता तुमच्या मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. मंजूर भार बिलावरच छापलेला असतो. तो १२ किलोवॉटपेक्षा कमी असेल तर आधी भारवाढीचा अर्ज करावा लागेल. त्यानं स्थिर आकार वाढत असेल तर तेवढी रक्कम बचतीतून वजा करा. तसंच सामाईक मीटरला वेळेनुसार आकारणी लागू आहे का आणि दुपारी जमा झालेले युनिट रात्रीच्या वापरातून वळते होतात का, हे महावितरणच्या उपविभागात लेखी विचारा. तुमच्या लिफ्ट आणि दिव्यांचा मोठा वापर संध्याकाळनंतरचा असल्यानं या एका उत्तरावर वरचा सगळा हिशेब टिकतो किंवा हलतो.

आता ज्येष्ठ सभासदांच्या शंकेकडे वळतो. पॅनेल उतरतात हे खरं आहे. दहा वर्षांत भंगार होतात हे खरं नाही.

उतार दोन भागांत येतो. पॅनेल पहिल्यांदा उन्हात आलं की सुरुवातीलाच एक ते दोन टक्के ताकद जाते. तो सेलच्या सिलिकॉनमधल्या बदलाचा परिणाम असतो आणि तिथेच थांबतो. नंतर दरवर्षी थोडं थोडं घटतं: काचेखालचा चिकट थर उन्हानं पिवळा पडतो, कडांमधून ओल आत शिरते, दिवसरात्रीच्या तापण्या-निवण्यानं डाखाचे सांधे सैल होतात, सेलला केसासारख्या बारीक भेगा पडतात. कंपनीच्या हमीपत्रात या वार्षिक घटीसाठी बहुधा ०.४ ते ०.५५ टक्के लिहिलेलं असतं. देशातल्या छतांवरच्या पाहण्यांत लहान यंत्रणा यापेक्षा जलद उतरलेल्या दिसल्या आहेत. कारण बरेचदा पॅनेलचा दर्जा आणि बसवणाऱ्यांचा हलगर्जीपणा, म्हणजे पॅनेलवर पाय देऊन चालणं, उचलताना आपटणं, मागे वारा खेळायला जागा न ठेवणं. म्हणून हिशेब करताना मी पहिल्या वर्षाचे २ टक्के आणि पुढे दरवर्षी ०.७ टक्के धरतो. कोल्हापूरचं हवामान विदर्भाइतकं तापत नाही, तेव्हा हे पुरेसं सावध आहे.

हे धरून १२ किलोवॉटच्या तुमच्या यंत्रणेचं काय होतं ते बघा. दहाव्या वर्षाअखेर उत्पादन ८.३ टक्क्यांनी घटलेलं असेल. १६,५६० युनिटांच्या जागी सुमारे १५,२००. आजच्याच दरांनी बचत २ लाख ८८ हजारांवरून २ लाख ७२ हजारांवर येईल, म्हणजे १६ हजारांची घट. पंचविसाव्या वर्षी उतार १९ टक्क्यांच्या जवळ पोचेल, तरी पाचातले चार भाग वीज चालूच. आणि सगळ्या २५ वर्षांची बेरीज घेतली तर उतारामुळे जाणारे युनिट एकूणच्या साधारण दहावा हिस्सा. एजन्सीच्या कागदात हा उतारच नाही, ते चुकीचंच आहे. पण तिच्या दर आणि उत्पादनाच्या चुकांनी पहिल्याच वर्षाची बचत एक तृतीयांशानं फुगवलीय. सभेत वाद व्हायचा तर त्या आकड्यावर व्हावा.

एक बारकावा इथे लक्षात घ्या. उताराची किंमत यंत्रणेच्या मापावर ठरते. १० किलोवॉटच्या यंत्रणेत एक टक्का वीज घटली तर वर्षाला सुमारे २ हजार रुपये जातात, कारण घटलेला प्रत्येक युनिट तुम्हाला महागड्या टप्प्यातून परत विकत घ्यावा लागतो. १२ मध्ये सुरुवातीला तोच टक्का १,४०० रुपयांना पडतो. १५ मध्ये जेमतेम ६०० ला, कारण आधी घटतात ते ३ रुपयांनी विकले जाणारे जास्तीचे युनिट, आणि ते संपायला सतरावं वर्ष उजाडतं. 'उतार भरून काढायला मोठी यंत्रणा घ्या' असं एजन्सी म्हणेल. पण त्यासाठी आज १ लाख २० हजार जास्त मोजायचे आणि पहिली सोळा वर्षं जास्तीची वीज मातीमोल विकायची, हा सौदा मला पटत नाही.

यापेक्षा मोठं नुकसान भलत्याच गोष्टीला उतार समजण्यात होतं. कोल्हापूर परिसरात नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. गुऱ्हाळांची चुलवाणं पेटलेली, कारखान्यांच्या चिमण्या चालू, शेतात पाचट जाळलेलं. ही काजळी बारीक आणि चिकट असते, धुळीसारखी वाऱ्यानं उडून जात नाही. पॅनेलच्या खालच्या कडेला तिचा काळपट पट्टा साचतो आणि खालची सेलांची ओळ झाकली जाते. पूर्ण पॅनेल धुरकट झाल्यापेक्षा हा पट्टा जास्त वीज खातो, कारण ओळीतल्या सगळ्यांत कमी ऊन मिळणाऱ्या सेलवर पूर्ण ओळीचा प्रवाह अडतो. जानेवारी-फेब्रुवारीत पाच ते दहा टक्के वीज गेली आणि जूनच्या पहिल्या पावसानं ती परत आली, तर तो मळ होता. उतार पावसानं भरून येत नाही.

हंगामात पंधरा दिवसांतून एकदा धुणं पुरेसं आहे. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर, साधं पाणी आणि मऊ पोछा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर ते वाळून पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचा हात नळाच्या पाण्यानं फिरवा. पारव्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढा. तिच्याखालचा सेल गरम होऊन कायमचा करपतो, आणि तो मात्र खरा उतार.

मग खरा उतार ओळखायचा कसा? बिलावरून अजिबात नाही. बिलात वापर, जमा युनिट आणि दर सगळं मिसळलेलं असतं. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे किंवा सोलरच्या वेगळ्या मीटरवरचे युनिट दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहायला वॉचमनला सांगा. तुलना नेहमी त्याच महिन्याची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. तरीही पावसाळ्याचे महिने सोडा, कारण एखादं वर्षं ढगाळ गेलं की आकडा विनाकारण घाबरवतो. सगळ्यांत खात्रीची चाचणी अशी: दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पॅनेल धुवा, दुसऱ्या दिवशी आकाश पूर्ण निरभ्र असेल तर त्या एका दिवसाचे युनिट नोंदवा. १२ किलोवॉटला ते ६० च्या आसपास असावेत. पुढच्या वर्षी ५९.५ आले तर यंत्रणा निरोगी. ५७ आले, म्हणजे एका वर्षात ५ टक्के गेले, तर तो वयाचा परिणाम नाही, काहीतरी बिघडलंय.

बिघाड शोधायला सुरुवात इन्व्हर्टरपासून करा. ५४५ वॉटची २२ पॅनेल घेतलीत तर ती ११-११ च्या दोन ओळींत जोडलेली असतील. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दोन्ही ओळींचा व्होल्टेज आणि प्रवाह वेगवेगळा दिसतो. दोन्ही ओळींचं तोंड एकाच दिशेला असेल तर दुपारी बाराला आकडे जवळजवळ सारखे हवेत. एका ओळीचा प्रवाह कमी दिसला तर तिच्यावर सावली किंवा मळ आहे. व्होल्टेज १३-१४ नं कमी दिसला तर एखाद्या पॅनेलमागच्या पेटीतला बायपास डायोड गेला असण्याची शक्यता मोठी, कारण एक डायोड पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाद करतो. दोन्ही ओळी ठीक आणि तरी दिवसाचे युनिट कमी, तर इन्व्हर्टरची नोंद उघडा. दुपारी लाइनचा व्होल्टेज २५३ च्या वर चढून इन्व्हर्टर बंद-चालू होत असेल तर ते तिथे दिसतं. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक आणि लांब असेल तरीही असं होतं, म्हणून तक्रार महावितरणकडे नेण्याआधी एजन्सीला केबलचा आडवा छेद आणि लांबी विचारा.

२५ वर्षांच्या हमीवर फार विसंबू नका. ती पॅनेलची ताकद ठरावीक ऊन आणि २५ अंश तापमानाला मोजून ठरते. तुमच्या मीटरवरचे युनिट त्यात पुरावा म्हणून चालत नाहीत, पॅनेल प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. मोजमापातच दोन-तीन टक्के इकडे-तिकडे होत असल्यानं लहान घट सिद्ध होत नाही. म्हणून हमीपेक्षा एजन्सीबरोबरच्या करारावर जोर द्या. त्यात पहिल्या वर्षाच्या युनिटांचा आकडा, समजा १६,०००, लिहून घ्या आणि तो कमी आला तर कमी पडलेल्या युनिटांना भरपाईचा दर ठरवा. पाच वर्षांची देखभाल योजनेच्या अटीनुसार एजन्सीनं द्यायचीच असते, पण धुणं त्यात येतं की नाही हे स्पष्ट लिहिलेलं हवं. पॅनेलचे क्रमांक आणि प्रत्येकाचा कारखान्यातला चाचणी-अहवाल बसवण्याआधी हातात घ्या, नाहीतर दहा वर्षांनी हमी मागायला तुमच्याकडे कागदच नसेल.

सावलीचं काम गच्चीवर जाऊन स्वतः बघण्यासारखं आहे. १२ किलोवॉटला साधारण १,२०० चौरस फूट मोकळी जागा लागते. लिफ्टची खोली आणि पाण्याच्या टाक्या यांची सावली डिसेंबरात सगळ्यांत लांब पडते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. एजन्सीनं पाहणी मे महिन्यात केली असेल तर ती सावली तिला दिसलेलीच नाही. पॅनेल दक्षिणेला तोंड करून १५ अंशांच्या आसपास कलते ठेवा. माणूस खालून चालेल इतका उंच सांगाडा केला तर गच्ची वाळवणाला मोकळी राहते आणि पॅनेलही थंड राहतात, मात्र वाऱ्याचा जोर वाढतो. त्याचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनं मागा, आणि पायांसाठी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग फोडलं तर दुरुस्ती कुणाची, हेही.

खर्चाच्या बाजूला दोन रकमा कोटेशनमध्ये नसतात. इन्व्हर्टर साधारण १० ते १२ वर्षांत बदलावा लागतो, आजच्या भावानं त्याला ७० हजारांच्या आसपास धरा. धुणं, विमा आणि किरकोळ दुरुस्तीला वर्षाला १२ ते १५ हजार. या दोन्ही धरूनही १२ किलोवॉटची यंत्रणा दोन वर्षांच्या आत वसूल होते, एजन्सीच्या आकड्यांवरून निघणाऱ्या सतरा महिन्यांपेक्षा थोडी उशिरा इतकंच. सभासदांना हेही सांगून ठेवा की वीज गेली की हे सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तशीच रचना असते. लिफ्टच्या बॅकअपचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

एजन्सीकडून सुधारित कोटेशन मागताना १० आणि १२ किलोवॉट असे दोन पर्याय मागा. प्रत्येकात बारा महिन्यांचे युनिट वेगळे, तुमच्या बिलावरचे टप्पे लावून काढलेली बचत आणि दरवर्षीचा उतार वेगळ्या रकान्यात. विजेचे दर दरवर्षी अमुक टक्के वाढतील असं धरून मोठी केलेली २५ वर्षांची बेरीज आली, तर तो रकाना खोडून आजच्याच दरानं करून द्यायला सांगा.